मोसंबीची बाग टँकरने जगवायची की काढायची: मांडणी आधीच्या खर्चाची नव्हे, इथून पुढची

फेब्रुवारी संपत आला, विहिरीचं पाणी जेमतेम घर आणि जनावरांपुरतं उरलं, आणि दोन एकरांत सात वर्षांची मोसंबी उभी आहे. जालना, अंबड, घनसावंगी, पैठण या भागात ही वेळ पुन्हा पुन्हा येते. २०१२-१३ च्या दुष्काळात याच पट्ट्यात कितीतरी बागा सरपण झाल्या. अशा वेळी घरात पहिलं वाक्य निघतं ते हेच: "साडेचार लाख घातलेत बागेत, आता सोडायची कशी?"

माझं म्हणणं असं की, या निर्णयात ते साडेचार लाख कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. खड्डे, कलमं, ठिबक, खतं, मजुरी, मागच्या उन्हाळ्यातले टँकर हा सगळा बुडीत खर्च. बाग ठेवली तरी तो परत येत नाही आणि काढली तरी परत येत नाही. दोन्ही बाजूंना सारखाच असलेला आकडा निवड करायला मदत करू शकत नाही.

हे पटत नसेल तर शेजारच्या बांधावर बघा. तिथे अशीच, त्याच वयाची बाग एखाद्याला वाटणीत आयती मिळालेली आहे. त्याने तिच्यावर रुपया घातलेला नाही. त्याला लागणारं पाणी तुमच्याएवढंच, टँकरचा भाव तोच, पुढच्या वर्षी झाडाला लागणारा माल तोच. मग त्याच्यासाठी योग्य असलेला निर्णय तुमच्यासाठी चुकीचा कसा ठरेल?

मात्र इथे एक गल्लत होते आणि ती महागात पडते. मागचा खर्च सोडून द्या म्हटलं की लोकांना वाटतं, बाग काढायचाच सल्ला दिला. तसं नाही. पैसा गेला, पण त्या पैशातून उभं राहिलेलं झाड अजून आहे. ते पुढे किती माल देईल, हा आकडा हिशेबात पूर्ण धरायचा. नवीन कलम लावून माल यायला चार-पाच वर्षं जातात, तुमच्या झाडाची ती वर्षं सरलेली आहेत. तेव्हा झाडाची किंमत धरायची ती पुढे मिळणाऱ्या फळांवरून.

आता प्रत्यक्ष मांडणी. खालचे भाव आणि उत्पन्न उदाहरणापुरते धरलेले आहेत, तुमच्या गावचे घालून बघा.

सहा बाय सहा मीटरवर लावलेली बाग एकरी साधारण ११० झाडांची, म्हणजे दोन एकरांत २२०. फळं घेण्यासाठी भर उन्हाळ्यात मोठ्या झाडाला रोज शंभर लिटरच्या वर पाणी लागतं, पण ते इथे शक्यच नाही. आंबिया बहार सोडून द्यायचा, हलकी छाटणी करायची, आळ्यात सोयाबीनच्या भुश्याचं किंवा उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन टाकायचं, खोडाला बोर्डो पेस्ट लावायची, आणि फक्त झाड जिवंत ठेवायचं. त्यासाठी झाडाला रोज ४० लिटर धरू. २२० झाडांना ८,८०० लिटर, आणि १ मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत १०५ दिवस. म्हणजे बारा हजार लिटरचे ७७ टँकर. एक टँकर १,८०० रुपयांना पडला तर १,३८,६०० रुपये. आच्छादन, छाटणी, पेस्ट मिळून १,६२,००० होतात.

दुसऱ्या बाजूला बाग काढायची म्हटलं तर जेसीबीचा खर्च २५,००० धरला आहे. लाकडाचे १०,००० आणि ठिबकच्या नळ्या, फिल्टरचे २०,००० येतील, म्हणजे हातात पाच हजार उरतील. ठिबक नवीन घेताना कितीला पडलं होतं, याला इथे अर्थ नाही. आज विकून काय येईल, एवढाच आकडा घ्यायचा. शिवाय रान मोकळं झालं की येत्या खरिपापासून सोयाबीन आणि मागे हरभरा, दोन एकरांत वर्षाला निव्वळ ५०,००० धरू. बाग ठेवली तर हे पन्नास हजार आपण सोडतो. ते खिशातून जात नाहीत म्हणून बहुतेक वेळा कुणी मोजतच नाही.

बाग ठेवली तर २२० पैकी १८० झाडं वाचतील असं धरलं आहे. पुढच्या वर्षी झाडामागे ४० किलो, त्यानंतर ६० किलो, भाव किलोला २० रुपये. खर्च वजा जाता पहिल्या वर्षी ८४,००० आणि नंतरची तीन वर्षं १,३६,००० सुटतात.

तिसराही पर्याय आहे, ज्याचा विचार घाईत राहून जातो. जमीन जिथे खोल आहे त्या बाजूचा एक एकर ठेवायचा आणि मुरमाड बाजूचा काढायचा. मग ३९ टँकर लागतात, आणि चांगल्या जमिनीवरची ११० पैकी १०० झाडं वाचतील असं धरता येतं.

| पाच वर्षांचा हिशेब (रुपये) | दोन्ही एकर ठेवणे | दोन्ही काढणे | एक ठेवणे, एक काढणे |
|---|---|---|---|
| उन्हाळ्यातले टँकर, आच्छादन, छाटणी | −१,६२,००० | ० | −८२,००० |
| यंदाची उरलेली देखभाल | −२८,००० | ० | −१४,००० |
| काढणी, लाकूड, ठिबक मिळून | ० | +५,००० | +२,५०० |
| सोयाबीन-हरभरा, ५ वर्षे | ० | +२,५०,००० | +१,२५,००० |
| मोसंबी, नंतरची ४ वर्षे | +४,९२,००० | ० | +२,७५,००० |
| आता लागणाऱ्या पैशाचं व्याज | −५८,००० | ० | −९,००० |
| शिल्लक | २,४४,००० | २,५५,००० | २,९७,५०० |

व्याजाची ओळ नीट बघा. दोन्ही एकर ठेवायला लागणारे १,६२,००० घरात नाहीत, सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिन्याने उचलावे लागले, आणि माल विकेपर्यंत दीड वर्ष गेलं तर ५८,००० व्याज होतं. व्याज नसतं तर बाग ठेवण्याची शिल्लक ३,०२,००० होती, म्हणजे काढण्यापेक्षा ४७,००० जास्त. या एका ओळीने पारडं फिरलं. एका एकराला लागणारे पैसे घरच्या ठेवीतून निघतात, म्हणून तिथे फक्त बँकेचं बुडणारं व्याज धरलं आहे. स्वतःच्या पैशाने दोन्ही एकर जगवायचे असतील, तर ठेवीवरचं बुडणारं व्याज धरून टँकर २,१५० रुपयांच्या आसपास गेला की ठेवणं आणि काढणं सारखंच पडतं, आणि त्याच्यावर गेला की काढणं परवडतं.

बागेसाठी आधी घेतलेल्या बँकेच्या कर्जाचं काय? त्याचा हप्ता आणि व्याज तुम्ही काहीही केलं तरी भरायचंच आहे, म्हणून ते तक्त्यात नाही. मन मात्र तिथेच अडकतं: "बाग गेली तर कर्ज फेडायचं कशातून?" प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर ज्या रकान्यात शिल्लक जास्त त्यातून, मग ती मोसंबीची असो की हरभऱ्याची.

सालगड्याचा खर्चही असाच तपासावा लागतो. आपल्याकडे साल पाडव्याला ठरतं. गडी बाकीच्या शेतीसाठी ठेवायचाच असेल, तर त्याचा पगार तिन्ही रकान्यांत सारखा, म्हणून बाहेर. पण तो केवळ बागेसाठी ठेवायचा असेल आणि पाडवा अजून यायचा असेल, तर अख्खं साल बाग ठेवण्याच्या रकान्यात चढतं. तोच खर्च पाडव्यापूर्वी टाळता येणारा असतो आणि बोली होऊन उचल दिली की बुडीत होतो. म्हणून हा निर्णय पाडव्याआधी करा. टँकरवाल्याला दिलेल्या विसाराचंही तेच: परत मिळणार असेल तर मोजा, नसेल तर विसरा. सरकारी मदत जाहीर झाली तर ती उभ्या बागेलाच मिळते की दोन्ही स्थितींत, हे तलाठी किंवा कृषी सहायकाकडून आधी कळून घ्या. फक्त उभ्या बागेला मिळणारी रक्कमच तक्त्यात येईल.

सगळ्यात कठीण वेळ एप्रिलच्या शेवटी येते. समजा दोन्ही एकर ठेवायचं ठरवलं आणि ४५ टँकर, म्हणजे ८१,००० रुपये ओतून झाले. आता उरले ३२ टँकर, ५७,६०० रुपयांचे. हिशेब पुन्हा पहिल्यापासून करायचा, पण ते ८१,००० आणि त्यांच्यासाठी उचललेल्या कर्जाचं व्याज साडेचार लाखांच्या शेजारी जाऊन बसलेले आहेत. १८० झाडं वाचतील अशी अजून खात्री असेल तर पुढे चालू ठेवणं आता आधीपेक्षाही परवडतं, कारण उरलेला खर्च कमी आणि येणारा माल तेवढाच. पण शेंडे वाळत खाली आले आणि जेमतेम १०० झाडं जिवंत दिसत असतील, तर पुढच्या चार वर्षांचे सुमारे २,७५,००० येतील. त्यातून उरलेले टँकर आणि २८,००० देखभाल वजा करा, १,९०,००० च्या आत शिल्लक राहते. काढण्याचा रकाना २,५५,००० वर आहे. तिथे थांबायचं, मग ४५ टँकरचं कितीही वाईट वाटलं तरी. घरातल्या थोरांनी ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांचं दुःख खरं आहे. पण जळत चाललेल्या झाडाला आणखी ३२ टँकर घातल्याने ते दुःख हलकं होत नाही, कर्ज मात्र वाढतं.

यात एक धोकाही आहे. उरलेला खर्च दर टप्प्यावर थोडाच दिसतो, म्हणून प्रत्येक वेळी "अजून थोडेच" असं वाटून माणूस पुढे जात राहतो. त्याला आळा घालायचा तर पाऊस लांबण्याचा हिशेब मार्चमध्येच करून ठेवावा. जूनऐवजी जुलैच्या मध्याला पाऊस आला तर दोन्ही एकरांना आणखी २२ टँकर, जवळजवळ ४०,००० लागतील आणि शिल्लक २,०४,००० वर येईल. एका एकराच्या पर्यायात ११ टँकर वाढतात, तरीही २,७७,००० च्या आसपास राहतात. माझा कौल एका एकराकडे आहे तो मुख्यतः यासाठी.

झाड जिवंत आहे का हे पानांवरून ठरवू नका, ताणात पानं गळतातच. फांदीची साल नखाने खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर खाली सरकत हिरवं कुठे लागतं ते पाहा. जाड फांद्याही तपकिरी निघाल्या तर ते झाड मोजणीतून वजा करा आणि त्याचा ड्रीपर बंद करा. आच्छादन बाजूला करून ड्रीपरखाली बोटभर उकरलं तर पांढरी तंतुमुळं दिसायला हवीत. दर पंधरा दिवसांनी ओळीने अशी मोजणी करून वहीत झाडांचा आकडा लिहा, आणि तक्त्यात १८० च्या जागी तोच घाला.