मानवी शरीरावर वर्गासाठी शब्दकोडं करावं की रिकाम्या जागा? दोन्ही करून बघितलंय, सांगतो

धाकटी बहीण आठवीत आहे, बेळगावजवळच मराठी माध्यमाची शाळा. विज्ञानाच्या तासाला वर्गातल्या पोरांसाठी मानवी शरीरावर काहीतरी करून आणा म्हणून सांगितलंय आणि ती दोन दिवस मला विचारतेय, दादा कोडं करू की रिकाम्या जागा. मी आता पीयूसीला आहे पण नववीत हेच दोन्ही माझ्या वर्गासाठी केलेलं, म्हणून जे आठवतंय ते लिहून टाकतो, कुणाला उपयोग झाला तर झाला.

दिसायला शब्दकोडंच भारी, त्यात वाद नाही. झेरॉक्स वाटल्या वाटल्या मागच्या बाकावरची पोरंपण सरळ बसली. रिकाम्या जागांचा कागद बघून मात्र सगळ्यांना टेस्टच वाटली.

पण कोडं मराठीत जुळवायला बसलं की कळतं. चौकटीत अख्खं अक्षर जातं, काना मात्रा जोडाक्षर सगळ्यासकट, आणि आडवा उभा शब्द जुळायचा तर ते सगळंच्या सगळं जुळावं लागतं. मी 'हृदय' आडवा लिहिला, त्याच्या 'य'वरून 'यकृत' खाली सोडला, इथंवर मजा. आता 'त'वरून 'त्वचा' काढू म्हटलं तर तिथं 'त्व' आहे. 'रक्त' घ्यावा तर त्यात 'क्त'. शेवटी 'दात' बसला, तोपण शेवटच्या अक्षराला. 'मेंदू' आणि 'स्वादुपिंड' जुळले म्हणून खूश झालो तर एकात दीर्घ दू, एकात ऱ्हस्व दु, परत खोडा. चौकटीच्या वहीत बारा शब्द बसवायला दोन संध्याकाळी गेल्या. नेटवर आयतं कोडं करून मिळतं म्हणून एका साइटवर टाकून बघितलं, तिनं 'मूत्रपिंड'च्या नऊ चौकटी केल्या, वेलांटी वेगळी, अनुस्वार वेगळा, पाय मोडायचं चिन्हपण वेगळं!

तेवढंही चाललं असतं, कष्ट माझे होते. माझं डोकं फिरलं ते वर्गात. 'मूत्रपिंड' आडवा, 'स्वादुपिंड' उभा, दोघांचा 'पिं' एकच, मला वाटलं काय झकास जुळलंय. एका मुलीनं मू, त्, र अशा तीन चौकटी भरल्या, मग 'पिं' चौथ्या चौकटीत गेला आणि 'ड'ला जागाच उरली नाही. तिसऱ्या चौकटीत 'र' बसल्यामुळं खालचा स्वादुपिंडपण तिला येईना, तो शब्द माहीत असून. तिनं दोन्ही खोडले आणि तिथं दुसरंच काहीतरी कोंबलं. पेपर तपासताना मला कळेना की हिला किडनी माहीत नाही की जोडाक्षर एका चौकटीत घालायचं हे माहीत नाही. अर्धा तास वर्गभर एकच प्रश्न, जोडाक्षराला किती चौकट्या. शरीर राहिलं बाजूला.

रिकाम्या जागांमध्ये एक चुकलं तर एकच चुकतं. त्याचीपण खोड आहे, नाही असं नाही. मी लिहिलेलं 'रक्त शुद्ध करणारा अवयव ____', त्यावर निम्म्यांनी फुफ्फुस लिहिलं, निम्म्यांनी मूत्रपिंड, आणि खरं सांगायचं तर दोघांचंही बरोबर धरावं लागलं. पण हे वाक्य दुरुस्त करून सुटतं. 'रक्तातला युरिया गाळून लघवी तयार करणारा अवयव' लिहिलं की फुफ्फुस आपोआप बाद. तसंच 'शरीरातला सगळ्यात मोठा अवयव' लिहिलं की कुणी त्वचा लिहिणार कुणी यकृत, 'सगळ्यात मोठी ग्रंथी' लिहिलं की यकृतच. कुणी वृक्क किंवा किडनी लिहिलं तर बरोबर द्यायचं हे आधीच ठरवून ठेवायचं, नाहीतर तपासताना भांडणं.

तरी कोडंच करायचं असेल (हौस असते, मला समजतं) तर जुळणारी अक्षरं साधी घ्या. 'श्वासनलिका' आणि 'फुफ्फुस' यांचा 'स' जुळतो, 'धमनी' आणि 'मणका' यांचा 'म', 'जठर' आणि 'रक्त' यांचा 'र'. फुफ्फुस कुणी फुप्फुस लिहितं, हृदयाचं ह्रदय करणारे तर पैशाला पासरी, म्हणून तसल्या अक्षरावर दुसरा शब्द टांगू नका. आणि वर एक सोडवलेलं उदाहरण द्या, त्यात जोडाक्षर असू दे.

बहिणीला मी काय सांगितलं विचाराल तर रिकाम्या जागाच कर म्हटलं, पण रेघेऐवजी अक्षरांएवढ्या चौकटी काढ, मूत्रपिंडाला चार, यकृताला तीन, म्हणजे कोड्याची थोडी मजा येते आणि एकाची चूक दुसऱ्याच्या गळ्यात पडत नाही. काल रात्री तिनं दहा वाक्यं केली, तासाभरात. फक्त 'लहान आतडं' दोन शब्दांत असल्यानं मध्ये रिकामी चौकट ठेवायची का यावर आमचं अजून भांडण चालू आहे.