नॉमिनल, प्रभावी की सतत: व्याजदर कोणत्या मापात लिहून ठेवावा?

चक्रवाढ म्हणजे काय हे इथे सांगत बसत नाही. वहीत किंवा एक्सेलमध्ये आपल्या सगळ्या ठेवी आणि कर्जं एका खाली एक मांडली, की दरांचा रकाना कोणत्या मापात भरायचा, एवढाच प्रश्न आहे. बँक सांगते तो नॉमिनल दर लिहावा, वर्षाअखेर खरंच किती वाढ होते तो प्रभावी वार्षिक दर लिहावा, की लॉगरिदम घेऊन मिळणारा सतत चक्रवाढीचा दर लिहावा? मी तिन्ही वापरून पाहिले आहेत आणि एकावर थांबलो आहे. तुमची गरज वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं.

उदाहरणाला पोस्टाच्या योजना बऱ्या, कारण त्यांचे नियम सगळ्यांसाठी सारखे असतात. एप्रिल २०२३ पासूनच्या तिमाहीत जाहीर झालेले दर घेऊ. किसान विकास पत्र ७.५ टक्के, पाच वर्षांची मुदत ठेव तीही ७.५ टक्के, आणि राष्ट्रीय बचत प्रमाणपत्र, म्हणजे एनएससी, ७.७ टक्के. आमच्या धरमपेठेतल्या एका शेजाऱ्यांनी तेव्हा विचारलं होतं, "भाऊ, दोन्हीकडं साडेसातच आहे न, मंग फरक कायचा?" फरक असा, की किसान विकास पत्राची चक्रवाढ वर्षातून एकदा होते, आणि मुदत ठेवीचं व्याज मोजतात तिमाही पद्धतीनं, पण हातात देतात वर्षातून एकदा. एनएससीची चक्रवाढ वार्षिक, पैसे शेवटी एकदम. नुसत्या ७.५ या आकड्यात यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

रूपांतराची सूत्रं एवढीच आहेत. `j` हा नॉमिनल दर, `m` म्हणजे वर्षातून किती वेळा चक्रवाढ, `r` प्रभावी दर, `c` सतत दर:

```
r = (1 + j/m)^m - 1
c = m * ln(1 + j/m) = ln(1 + r)
r = e^c - 1
j = m * (e^(c/m) - 1)
```

मुदत ठेवीचं करून पाहू. ७.५ भागिले ४ म्हणजे तिमाहीला १.८७५ टक्के. १.०१८७५ चा चौथा घात १.०७७१३६, म्हणून प्रभावी दर ७.७१ टक्के. दहा हजारांवर वर्षाला ७७१ रुपये व्याज मिळतं ते इथून येतं. याचाच नैसर्गिक लॉग घेतला की ०.०७४३०६, म्हणजे सतत दर ७.४३१ टक्के. किसान विकास पत्राचा `m` एक आहे, त्यामुळे प्रभावी दर ७.५ च राहतो आणि सतत दर ln(1.075), म्हणजे ७.२३२ टक्के. एनएससीचा प्रभावी ७.७, सतत ७.४१८. म्हणजे कागदावर ७.७ वाली एनएससी पुढे दिसत होती, पण एका मापात आणल्यावर ७.५ वाली मुदत ठेव केसभर पुढे गेली. ती खरंच पुढे आहे का, ते शेवटी पाहू.

इथे एक गल्लत नेहमी होते. सतत चक्रवाढ म्हटलं की लोक ७.५ उचलून थेट `e^0.075` करतात आणि ७.७९ टक्के काढतात. हे रूपांतर नाही, ही वेगळीच ठेव झाली. ७.५ नॉमिनल दरावर दर क्षणाला व्याज चढवलं तर काय होईल, याचं ते उत्तर आहे. आपल्याला हवा आहे तो तिमाही ७.५ शी तंतोतंत तेवढीच वाढ देणारा सतत दर, आणि तो ७.४३१ आहे. तपासायची खूण सोपी आहे: एकाच ठेवीचे तिन्ही आकडे लिहिले, तर सतत दर सर्वांत लहान, नॉमिनल मधला आणि प्रभावी सर्वांत मोठा यायला हवा. वार्षिक चक्रवाढीत नॉमिनल आणि प्रभावी एकच होतात. क्रम उलटा दिसला तर कुठेतरी पाय घसरलाय असं समजावं. एक्सेलमध्ये `LN` ऐवजी `LOG` टाकलं तर ७.५ चे ३.१४ होतात, कारण `LOG` काहीच सांगितलं नाही तर दहाच्या पायावर चालतं. सतत दर प्रभावी दराच्या निम्म्याहूनही खाली आला, की तिथेच पाहायचं. प्रभावी दरासाठी `EFFECT(7.5%,4)` आयतं मिळतं. फक्त टक्क्याची खूण विसरू नये.

आता निवडीकडे. नॉमिनल दराला मी फार वेळ देणार नाही. बँकेचा फलक, पावती, कर्जाचा करार, सगळं त्याच भाषेत असतं, म्हणून तो माहीत हवाच. पण तुलनेसाठी तो अपुरा आहे, कारण `m` सोबत नसेल तर त्याला अर्थ नाही. इतवारीत व्यापारी आपसात "शेकडा दीड" म्हणतात, म्हणजे महिन्याला दीड टक्का. बारानं गुणून वर्षाला १८ वाटतो, पण व्याज मुद्दलात चढत राहिलं तर प्रभावी दर १९.५६ टक्के होतो. निदान तिथे महिना गृहीत आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. ठेवीच्या जाहिरातीत तेही नसतं.

प्रभावी दर हा सज्जन माणूस आहे. "वर्षानं शंभराचे किती?" याचं थेट उत्तर देतो, घरात समजावता येतो, आणि दोन ठेवींची तुलना करायची असेल तर त्याहून जास्त काही लागत नाही. बरीच वर्षं माझ्या रकान्यात तोच होता. ज्यांच्या ठेवी सरळ एक, दोन, पाच वर्षांच्या आहेत त्यांनी तोच ठेवावा, असं मी आजही म्हणेन.

माझं बिनसलं ते तुकड्यांच्या दिवसांवरून. बँकांच्या खास ठेवी ४४४ दिवसांसारख्या मुदतीच्या असतात. मुदत संपली की दर बदललेला असतो, मग सहा महिन्यांसाठी दुसऱ्या दरानं नूतनीकरण. समजा ४४४ दिवस ७.२५ टक्क्यांनी आणि पुढचे १८३ दिवस ६.६ टक्क्यांनी पैसे होते, दोन्ही तिमाही चक्रवाढ. मिळून दर किती पडला? प्रभावी दरानं जायचं तर १.०७४५ चा ४४४/३६५ वा घात, गुणिले १.०६७७ चा १८३/३६५ वा घात, आणि त्या गुणाकाराचं ६२७ दिवसांवरून परत वर्षाला आणणारं मूळ. कॅल्क्युलेटर करून देतो, मान्य. पण प्रत्येक नवीन तुकड्याला हे सगळं सूत्र पुन्हा उघडायचं, कंस मोजायचे, आणि तीन महिन्यांनी आपलंच सूत्र वाचताना आपल्यालाच कळू नये, याचा मला कंटाळा आला.

सतत दरात हेच काम बेरजेचं होतं. पहिल्या तुकड्याचा दर ७.१८५, दुसऱ्याचा ६.५४६. ७.१८५ गुणिले ४४४/३६५ म्हणजे ८.७४, ६.५४६ गुणिले १८३/३६५ म्हणजे ३.२८. बेरीज १२.०२. लाखाचे शेवटी किती झाले? e चा ०.१२०२ वा घात, साधारण १,१२,७७५ रुपये. सरासरी दर हवा तर १२.०२ ला १.७१८ वर्षांनी भागायचं: सतत ७.०० टक्के, परत प्रभावी करून ७.२५. तिसरा तुकडा आला की एक ओळ वाढवायची, आधीच्या ओळींना हात लावायचा नाही. ही सोय मला पुरेशी वाटली.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या उदाहरणात प्रभावी दरांची दिवसांच्या प्रमाणात साधी सरासरी काढली तरी ७.२५ च येते. दर एकमेकांच्या जवळ असले की चूक दिसतही नाही. शिवाय बँक पूर्ण तिमाहींवर चक्रवाढ आणि उरलेल्या दिवसांवर साधं व्याज देते, त्यामुळे ४४४ दिवसांच्या ठेवीत लाखामागे सूत्र आणि पावती यांत दोनेक रुपयांचा फरक पडतो. तेवढ्यासाठी काउंटरवर वाद घालू नये.

सतत दराची दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. त्याला `m` विचारावंच लागत नाही. शेवटची रक्कम भागिले सुरुवातीची, त्याचा `LN`, भागिले वर्षं. आता आधी बाजूला ठेवलेल्या मुदत ठेवीला हे लावा. तिचं ७७१ रुपयांचं व्याज दर वर्षी हातात येतं आणि न उचलता पडून राहिलं तर त्यावर व्याज मिळत नाही. ते पोस्टाच्या बचत खात्यात ४ टक्क्यांनी वाढत राहिलं असं धरलं, तर दहा हजारांचे पाच वर्षांनी सुमारे १४,१७८ होतात. ln(1.4178) भागिले ५ म्हणजे ६.९८ टक्के. एनएससीचे १४,४९० होतात, म्हणजे तोच ७.४२ टक्के. केसभर पुढे असलेली ठेव चांगलीच मागे पडली, कर बाजूला ठेवूनसुद्धा. रूपांतराचं सूत्र हे सांगू शकत नाही, कारण मिळालेलं व्याज त्याच दरानं पुन्हा गुंतलं असं ते मुकाट्यानं धरून चालतं. व्याजावर घर चालणार असेल तर मात्र मुदत ठेवच बरी, तिथे ही तुलना लागू नाही.

किसान विकास पत्राचा पडताळाही याच रकान्यातून होतो. दुप्पट होण्याचा काळ म्हणजे ६९.३ भागिले सतत दर: ६९.३ भागिले ७.२३२, म्हणजे ९.५८ वर्षं, म्हणजेच पोस्टानं जाहीर केलेले ११५ महिने. ७.५ नं भागलं तर ९.२४ वर्षं येतात आणि हिशेब चार महिन्यांनी चुकतो.

एका ठिकाणी मी अजूनही नॉमिनलवर परत जातो, ते म्हणजे गृहकर्ज. हप्ता काढताना बँक नॉमिनल दरालाच १२ नं भागते. महिनेवारी ९ टक्क्यांचं कर्ज माझ्या रकान्यात ८.९६६ असं लिहिलेलं असतं (प्रभावी ९.३८), पण हप्त्याच्या सूत्रात ८.९६६ भागिले १२ टाकायचं नाही आणि ९.३८ भागिले १२ तर मुळीच नाही. वरच्या चौथ्या सूत्रानं आधी ९ वर यायचं आणि मग ०.७५ टक्के घ्यायचे.