करारनामा की चित्रावरची सही?

अजब बंगल्यातून निघालो की आमचा वाद तर्री-पोह्यावर रंगतो. चित्रकाराबद्दल जास्त काय सांगतं, चित्रावरची सही की कराराचा कागद? मैत्रीण सहीवाली, मी कागदवाला. इटालियन चित्रकार राफाएलचंच घ्या. ‘कुमारीचा विवाह’ या चित्रात देवळाच्या कमानीवर त्याचं नाव आणि 1504 साल स्पष्ट आहे. मांडणी त्याच्या गुरूच्या, पेरुजिनोच्या वळणाची, म्हणून तेव्हा नुकताच त्याच्याकडून शिकून बाहेर पडलेला, असा तिचा हिशेब.

आता 10 डिसेंबर 1500 चा करार बघा. चित्ता दी कास्तेल्लो या इटालियन गावच्या आंद्रेआ बारोन्चीनं चर्चसाठी वेदीचित्र, म्हणजे वेदीवर लावायचं चित्र, सांगितलं, मोबदला 33 सोन्याचे डुकॅट. त्यात सतरा वर्षांच्या पोराला, राफाएलला, ‘मॅजिस्टर’, म्हणजे उस्ताद, म्हटलंय. मग 1504 चं पेरुजिनोचं वळण शिकाऊपणाची खूण कशी? उस्ताद झाल्यावरही तो दुसऱ्याचं उचलत होता, एवढंच. शिवाय करारात जोडीला एव्हान्जेलिस्ता आहे, वारलेल्या वडिलांकडचा जुना कारागीर. म्हणजे घरच्या कार्यशाळेचा धागा तुटला नव्हता. सहीतून हे कळलंच नसतं.

कागदाची खोड एकच: कुठला हात कुणाचा, ते तो सांगत नाही. 1789 च्या भूकंपात बारोन्चीचं ते वेदीचित्र मोडलं, आता तुकडेच उरलेत. त्यातला एव्हान्जेलिस्ताचा वाटा ओळखायला डोळाच लागतो, आणि तिथं मी गप्प बसतो.