दोन भावंडं, एक खोली: दुमजली बेड घ्यावा की दोन स्वतंत्र पलंग?

नाशिकमध्ये पाथर्डी फाटा, इंदिरानगर किंवा सिडकोकडच्या टू बीएचके फ्लॅटमध्ये मुलांच्या वाट्याला येणारी खोली बहुतेक वेळा दहा बाय अकराच्या आसपास असते. शाळेत जाणारी दोन मुलं, प्रत्येकाला पलंग, प्रत्येकाला टेबल, कपड्यांची आणि दप्तराची जागा हे सगळं तिथे बसवायचं असतं. फर्निचरच्या दुकानात गेलं की पहिला सल्ला मिळतो तो दुमजली बेडचा. तो घेण्याआधी दोन्ही मांडण्या एकाच खोलीत प्रत्यक्ष बसवून पाहू.

मुलं अशी धरा: ताई नववीत, भाऊ चौथीत. खोलीत शिरायचं दार दहा फुटी भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात आहे आणि उघडल्यावर डाव्या भिंतीला टेकतं. त्यामुळे त्या भिंतीचे तीन फूट दारातच गेले. समोरच्या दहा फुटी भिंतीत खिडकी. छत साडेनऊ फुटांपेक्षा थोडं कमी, पंखा खोलीच्या मधोमध.

आधी टेबलं, कारण दोन्ही मांडण्यांत ती एकाच जागी येतात: खिडकीखाली शेजारी शेजारी, प्रत्येकी तीन फूट रुंद आणि पावणेदोन-दोन फूट खोल. दोघांना सारखाच उजेड मिळतो, हा वाटणीतला सगळ्यात मोठा प्रश्न इथेच मिटतो. इथे एक चूक सर्रास होते. आराखड्यात टेबल काढतात, पण खुर्ची मागे सरकायला लागणारे अडीच फूट मोजत नाहीत. डाव्या भिंतीला कपाट थेट खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत नेलं, तर डावीकडच्या टेबलावर बसायलाच जागा उरत नाही. म्हणून त्या भिंतीचे खिडकीकडचे साडेचार फूट मोकळे सोडावे लागतात. दाराचे तीन फूट वजा करून कपाटाला साडेतीन फूट उरतात.

आता दुमजली बेड. उजव्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यात तो साधारण पावणेसात फूट लांब आणि तीन फूट चार इंच रुंद जागा घेतो. उरलेली फरशी खरोखर मोठी असते. शिवाय दाराच्या भिंतीचा उजवा भाग रिकामा राहतो, तिथे दुसरं साडेतीन-चार फुटी कपाट येतं. म्हणजे दोघांना वेगळी कपाटं. कागदावर ही मांडणी जिंकते.

अडचण पंख्याची आहे. अठ्ठेचाळीस इंची पंख्याचं पातं मध्यापासून दोन फूट जातं. दहा फूट रुंदीत मध्य पाच फुटांवर, म्हणजे पातं डाव्या भिंतीपासून सात फुटांपर्यंत पोचतं. बेडची कड मात्र सहा फूट आठ इंचांवर आहे. पंखा बेडच्या दाराकडच्या टोकाजवळ चार इंच आत फिरतो. वरच्या गादीची उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, पाती सव्वाआठ फुटांवर. मधे जेमतेम तीन फूट. चौथीतला मुलगा गादीवर उभा राहिला तर डोकं पात्यात जाईल, आणि बसून सदरा काढताना हात वर गेला तरी पात्याजवळ पोचेल. छत्तीस इंची पंखा बसवला तरी पातं कडेपासून दोनच इंच दूर राहतं, हात तितका सहज जातो. दुमजली बेड घ्यायचाच असेल तर मधला पंखा काढून भिंतीवर दोन पंखे लावायचे, एक वर झोपणाऱ्यासाठी आणि एक खाली झोपणाऱ्यासाठी. हा खर्च बेडच्या किमतीतच धरा.

कठड्याचंही तसंच. वरच्या बेडला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, भिंतीच्या बाजूनेही, कारण भिंत आणि बेड यांच्यातल्या फटीत मूल अडकू शकतं. कठडा गादीच्या वर निदान पाच इंच उरला पाहिजे. दुकानात पातळ गादी ठेवून दाखवतात. घरी आठ इंची गादी टाकली की कठडा नावापुरता उरतो. वर चार-पाच इंची गादीच घ्या. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये.

उन्हाळ्याचा विचारही करावा लागतो. फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर एप्रिल-मेमध्ये तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो, आणि वर झोपणारं मूल त्याच्या अगदी जवळ असतं. अशा घरात मी दुमजली बेड सुचवणार नाही.

दोन स्वतंत्र पलंग लोक समोरासमोर लावून पाहतात, मग टेबलाला जागा नाही म्हणून सोडून देतात. ते काटकोनात लावा. एक उजव्या भिंतीला, खिडकीच्या कोपऱ्यापासून. दुसरा दाराच्या भिंतीला, उजव्या कोपऱ्यापासून दाराकडे. साडेसहा फुटी पलंगासाठी तिथे सात फूट आहेत. दारापाशी साडेतीन फुटी वाट राहते, टेबलं आणि कपाट जागच्या जागी. मधे पावणेपाच फूट रुंद आणि जवळपास सहा फूट लांब फरशी उरते. कॅरमला पुरेल, क्रिकेटला नाही.

इथे नुकसान कपाटाचं होतं. दुसऱ्या कपाटाच्या जागी पलंग आला, त्यामुळे साडेतीन फुटी कपाट मधोमध वाटायचं: प्रत्येकाला एक दार, एक कुलूप. बाकीचं सामान पलंगाखालच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर फक्त मोकळ्या बाजूने, चाकांवर ओढायचे करा. गादी उचलून उघडायचा बॉक्स मुलं स्वतः उघडत नाहीत, मग कपडे खुर्चीवर साठतात. सणाचे कपडे, रजया आणि जुनी पुस्तकं कपाटावरच्या माळ्यावर.

झोपेच्या वेळा वेगळ्या असतील तर काटकोनाची मांडणी स्पष्टपणे सरस ठरते. ताई अकरापर्यंत अभ्यास करणार, भाऊ साडेनऊला झोपणार. त्याला दाराकडचा पलंग द्या, तो टेबलापासून लांब आहे. ताईला वर छतावरचा दिवा न लावता टेबललॅम्प पुरतो. दुमजली बेडमध्ये दोन्ही मजले टेबलांना लागून असल्याने तो उजेड टाळता येत नाही. खालच्या मजल्याला पडदा लावला तर वारा अडतो.

दिवसा आत ढकलायचा, रात्री ओढून काढायचा बेड हा तिसरा पर्याय. पाहुण्यांसाठी छान. रोजच्यासाठी नाही, कारण खालच्या मुलाला कायम फरशीलगत झोपावं लागतं, रोज त्याचंच अंथरूण आवरायचं, आणि वाटणी तिथेच बिघडते.

वाटणीबद्दल एवढं सांगेन की फूटपट्टीने सारखी जागा दिली तरी मुलं समाधानी होत नाहीत. खिडकीकडच्या पलंगाला वारा असतो, पण जानेवारीत नाशिकची थंडीही तिकडूनच येते. दाराकडे हॉलमधल्या टीव्हीचा आवाज. हे दोघांना आधी सांगा आणि निवडू द्या. प्रत्येकाच्या टेबलाशी आणि उशाशी स्वतःचा प्लग पॉइंट हवाच, नाहीतर चार्जरवरून रोज भांडण. भाऊ-बहीण असतील तर कपडे बदलताना आतून कडी लावायचा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

या खोलीसाठी मी काटकोनातले दोन पलंग निवडेन. दुमजली बेड घ्यावा तो खोली नऊ फुटी असेल किंवा दार भिंतीच्या मधोमध असेल आणि दुसरा पलंग बसतच नसेल तेव्हा, आणि तोही सुटा करून दोन पलंग होणारा. सुताराला आगाऊ रक्कम देण्याआधी फरशीवर खडूने पलंग, टेबलं, खुर्च्या आणि उघडलेली दारं आखा, आणि दोन्ही मुलांना शाळेच्या सकाळी त्या रेघांमधून वावरू द्या. दोघं एकाच वेळी दप्तर भरताना कुठे आदळतात, तिथेच मापं बदला.