निवृत्तीसाठी एंडोमेंट पॉलिसी की पीपीएफ : कोल्हापूरच्या एका दुकानदाराचा हिशेब

शाहूपुरीत सुट्या भागांचे दुकान चालवणारा पस्तिशीचा माणूस निवृत्तीचा विचार करू लागला की त्याच्यापुढे बहुधा दोन पर्याय येतात. एक म्हणजे ओळखीच्या विमा प्रतिनिधीने सुचवलेली २५ वर्षांची एंडोमेंट पॉलिसी, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी, आणि दुसरा म्हणजे पोस्टात किंवा बँकेत उघडता येणारे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीपीएफचे खाते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात कायम नोकरी असणाऱ्यांचा पीएफ पगारातूनच कापला जातो, २०२४-२५ या वर्षासाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळाले, आणि जास्तीची बचत ते व्हीपीएफमध्ये, म्हणजे पीएफच्याच खात्यात स्वेच्छेने जादा रक्कम भरून, वळवू शकतात. त्यामुळे त्यांचा निर्णय त्या मानाने सोपा आहे. खरा पेच आहे तो ज्याचे उत्पन्न दरमहा ठरलेले नाही त्याचा, म्हणून येथे त्याचाच हिशेब मांडला आहे.

उदाहरणादाखल विमा रक्कम १० लाख रुपये, मुदत २५ वर्षे आणि वार्षिक हप्ता ४२ हजार रुपये धरू. बोनस दरवर्षी हजारी ४५ रुपये जाहीर होतो असे मानले, तर १० लाखांवर वर्षाला ४५ हजार रुपये होतात. पॉलिसी विकताना सर्वांत जास्त भुरळ पडते ती येथेच, कारण ४२ हजार भरले आणि पहिल्याच वर्षी ४५ हजार बोनस लागला असे ऐकल्यावर कोणालाही हा व्यवहार फायद्याचाच वाटेल. परंतु हा बोनस हातात येत नाही. तो पॉलिसीच्या खाती नोंदला जातो आणि मुदत संपल्यावर, म्हणजे आणखी २४ वर्षांनी, तेवढाच्या तेवढा मिळतो. मधल्या काळात त्या ४५ हजारांवर ना व्याज मिळते ना पुढचा बोनस, कारण बोनस बहुधा मूळ विमा रकमेवरच मोजला जातो. पीपीएफच्या सध्याच्या ७.१ टक्के दराने पाहिले, तर २४ वर्षांनी ४५ हजार मिळण्यासाठी आज सुमारे आठ हजार सातशे रुपये ठेवले तरी पुरतात. जाहीर झालेल्या बोनसची आजची किंमत एवढीच आहे.

मुदतपूर्तीला १० लाख विमा रक्कम, २५ वर्षांचा सव्वाअकरा लाख बोनस आणि अंतिम जादा बोनस २ लाख धरला, तर हाती सव्वातेवीस लाख रुपये येतात. भरलेल्या साडेदहा लाखांच्या मानाने ही रक्कम दुपटीहून जास्त दिसते. पण प्रत्येक हप्ता किती वर्षे अडकून राहिला हे लक्षात घेऊन परतावा काढला, तर तो पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येतो. जाहीर होणारा बोनस कमीजास्त झाला की हा आकडाही खालीवर होईल. प्रस्तावासोबत मिळणाऱ्या लाभदर्शक तक्त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. ते दर विमा कंपनीच्या गुंतवणुकीवरील गृहीत धरलेल्या उत्पन्नाचे असतात, तुमच्या परताव्याचे नव्हेत, आणि ८ टक्क्यांच्या रकान्याची कोणतीही हमी नसते. प्रतिनिधीचे बोट मात्र बहुतेक वेळा त्याच रकान्यावर असते.

आता तेच ४२ हजार दोन ठिकाणी वाटून पाहू. पस्तिशीच्या निरोगी, तंबाखू न खाणाऱ्या माणसाला साठीपर्यंतचा ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे केवळ मृत्यू झाल्यास पैसे देणारा विमा, वर्षाला सुमारे ८ हजारांत मिळतो असे धरू. उरलेले ३४ हजार दरवर्षी ५ एप्रिलच्या आत पीपीएफमध्ये भरले, म्हणजे त्या संपूर्ण वर्षाचे व्याज मिळते. १ एप्रिल २०२० पासून असलेला ७.१ टक्के दर कायम राहिला, तर २५ वर्षांनी खात्यात सुमारे २३ लाख ३६ हजार रुपये जमतील. म्हणजे शेवटची रक्कम जवळजवळ तेवढीच. फरक असा की मधल्या काळात मृत्यू झाल्यास एंडोमेंटमध्ये कुटुंबाला १० लाख आणि तोवरचा बोनस मिळेल, तर दुसऱ्या मार्गात ५० लाख आणि पीपीएफमधील शिल्लक मिळेल. शिक्षण घेणारी दोन मुले आणि दुकानावरचे कर्ज असलेल्या घराला १० लाख किती दिवस पुरतील, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तरीही माझ्या मते एंडोमेंटचा खरा कच्चेपणा शेवटच्या आकड्यात नाही. तो हप्ता मध्येच थांबला की दिसतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा अनेक दुकानांतला माल भिजला. ज्यांची विक्री खेड्यांतल्या गिऱ्हाइकावर चालते त्यांचे उत्पन्न तर उसाचे बिल कधी जमा होते यावरही ठरते. आपल्या दुकानदाराने ८ हप्ते भरल्यावर नववा भरता आला नाही असे समजा. थकलेले हप्ते व्याजासह भरून पॉलिसी पुन्हा चालू करण्याची ठरावीक मुदत असते. तीही हुकली तर पॉलिसी पेड-अप होते. विमा रक्कम ८/२५ या प्रमाणात घटून ३ लाख २० हजार होते, तोवरचा ३ लाख ६० हजार बोनस कायम राहतो आणि पुढचा बोनस सर्वसाधारणपणे बंद होतो. हे ६ लाख ८० हजार रुपये १७ वर्षांनी, मुदत संपल्यावर मिळतात. आजच सरेंडर केली, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच बंद करून पैसे परत मागितले, तर बहुधा भरलेल्या ३ लाख ३६ हजारांहूनही कमी रक्कम हाती येते.

पीपीएफमध्ये आठ वर्षांनी सुमारे पावणेचार लाख रुपये झालेले असतील. पुढे दरवर्षी केवळ किमान ५०० रुपये भरत राहिले, तरी १७ वर्षांनी त्या शिलकीचेच सुमारे १२ लाख होतात. ५०० रुपयेही चुकले, तर दर वर्षामागे ५० रुपये दंड आणि राहिलेले ५०० रुपये भरून खाते पूर्ववत करता येते. टर्म विम्याचे ८ हजार मात्र चालूच ठेवावे लागतील, नाहीतर संरक्षण संपेल. पण वाईट वर्षात ४२ हजारांऐवजी साडेआठ हजार उभे करणे बहुतेकांना झेपते.

पीपीएफलाही मर्यादा आहेत. वर्षाला दीड लाखांपेक्षा जास्त भरता येत नाही, आणि व्याजदराचा आढावा दर तिमाहीला होत असल्याने तो घटूही शकतो. मात्र व्याजदर सर्वत्र उतरले, तर कर्जरोख्यांत मोठी गुंतवणूक असलेल्या विमा कंपन्यांच्या बोनसलाही त्याची झळ लागते. सर्वांत जास्त चूक होते ती पंधराव्या वर्षी. खाते पुढे पैसे भरत चालू ठेवायचे असेल, तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत पाच वर्षांच्या वाढीचा अर्ज द्यावा लागतो. तो राहिला, तर शिलकीवर व्याज मिळत राहते, पण नवीन रक्कम भरता येत नाही. आपल्या उदाहरणातील २५ वर्षे गाठायची, तर असा अर्ज दोनदा द्यावा लागेल.

ज्याने पॉलिसी आधीच घेतली आहे त्याने घाईने सरेंडर करू नये. शाखेत जाऊन आजची सरेंडर रक्कम, पेड-अप रक्कम आणि आजवर जमा झालेला बोनस हे तीन आकडे लेखी मागावेत, आणि येथून पुढे भरायच्या हप्त्यांवर नेमके किती जास्तीचे मिळणार आहे तेवढेच मोजावे. चार-पाच हप्ते उरले असतील, तर पुढे चालू ठेवणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. चार-पाचच भरले असतील, तर पेड-अप करून पुढचा हप्ता पीपीएफकडे वळवण्याचा विचार करावा, मात्र टर्म विमा हातात आल्यानंतरच.