खोटा सोर्स पत्ता अडवायचा तर ग्राहकाच्या पोर्टवर काय लावावं: यूआरपीएफ की हाताने लिहिलेली यादी?

जिल्ह्याच्या ठिकाणचं छोटं नेटवर्क सांभाळताना हा निर्णय मला घ्यावा लागला. घरगुती पीपीपीओई ग्राहक पुष्कळ, आणि कॉलेज, पतसंस्था, कारखाने असे लीज लाइनवाले मोजके. एके दिवशी आम्हाला इंटरनेट देणाऱ्या वरच्या कंपनीचा निरोप आला की तुमच्या लिंकवरून तुमचे नसलेले सोर्स पत्ते घेऊन पॅकेटं बाहेर पडताहेत. पाहिलं तर खरंच होतं, आणि बहुतेक पॅकेटं यूडीपी १२३ वर, म्हणजे घड्याळं जुळवणाऱ्या एनटीपीवर चालली होती.

हे शक्य होतं कारण पॅकेट पुढे ढकलताना राउटर फक्त ‘कुठे जायचं’ एवढंच बघतो. ‘कुठून आलं’ हा रकाना पाठवणाऱ्याने स्वतः भरलेला असतो आणि तो वाटेत कुणी पडताळत नाही. पाकिटामागे प्रेषक म्हणून शेजाऱ्याचं नाव लिहिलं तरी पत्र पोचतं, आणि उत्तर शेजाऱ्याकडे जातं, तसंच हे. टीसीपीमध्ये ते उत्तर हाती आल्याशिवाय जोडणी पुरी होत नाही, म्हणून तिथे खोटा पत्ता फार कामाचा नाही. यूडीपीत मात्र पहिल्याच पॅकेटला सर्व्हर उत्तर देऊन मोकळा होतो. जुन्या एनटीपी सर्व्हरला `monlist`, म्हणजे अलीकडे कोण कोण बोललं त्यांची यादी, विचारली तर उत्तर प्रश्नाच्या साडेपाचशे पटींपर्यंत मोठं येऊ शकतं, आणि ते सगळं जाऊन पडतं ज्याचा पत्ता लिहिला त्याच्या अंगावर. त्याला दिसतात फक्त एनटीपी सर्व्हरचे पत्ते. पाठवणारा आमच्याकडचा आहे, हे त्याला तिथून कळायला मार्गच नाही.

म्हणून हे थांबवायची जागा एकच, पॅकेट जिथून नेटवर्कात शिरतं ते पोर्ट. २००० सालच्या आरएफसी २८२७ मध्ये, म्हणजे बीसीपी ३८ मध्ये, हेच सांगितलंय. पुढे आतल्या मोठ्या राउटरवर हजारो नेटवर्कांची पॅकेटं एकत्र झालेली असतात, तिथे कोणता पत्ता कुणाचा हे ठरवणं जवळजवळ अशक्य. ग्राहकाच्या पोर्टवर मात्र आपल्याला नक्की माहीत असतं, कारण ते पत्ते बहुधा आपणच दिलेले असतात.

यूआरपीएफ म्हणजे आलेल्या पॅकेटचा सोर्स पत्ता राउटरने आपल्याच राउटिंग टेबलाशी ताडून पाहायची सोय. तिच्या दोन तऱ्हा, लूज आणि स्ट्रिक्ट. लूज यूआरपीएफ मी लवकर बाजूला ठेवलं. त्या पत्त्याकडे कुठूनही रस्ता आहे का, एवढंच ते बघतं. ज्याच्यावर हल्ला चाललाय त्याचा पत्ता तर खराच असतो, त्याच्याकडे रस्ता असणारच. वाटप न झालेले पत्ते गाळायला ते ठीक, आमच्या दुखण्यावर नाही.

खरी निवड होती स्ट्रिक्ट यूआरपीएफ आणि चालणाऱ्या सोर्स पत्त्यांची हाताने लिहिलेली यादी यांच्यात. स्ट्रिक्ट पहिल्या भेटीत फार आवडतं, हे मान्य करतो. पोर्टवर एक ओळ लिहायची:

```
ip verify unicast source reachable-via rx
```

यानंतर राउटर प्रत्येक पॅकेटचा सोर्स पत्ता आपल्याच राउटिंग टेबलात शोधतो. त्या पत्त्याकडे परत जायचा रस्ता याच पोर्टातून असेल तर पॅकेट पुढे, नाहीतर टाकून. यादी लिहायला नको, सांभाळायलाही नको. पीपीपीओई ग्राहकांवर ते आम्ही लावलं आणि आजही तसंच आहे. तिथे प्रत्येक सेशनसोबत त्या ग्राहकाच्या एका पत्त्याचा रस्ता आपोआप बनतो, त्यामुळे चुकायला जागाच नाही.

मग तीच ओळ एका कॉलेजच्या पोर्टवर टाकली. त्यांच्याकडे दोन कंपन्यांच्या लिंक आणि स्वतःचा /24 ब्लॉक. येणारी वाहतूक दुसऱ्या लिंकने यावी म्हणून ते बीजीपीवर आमच्याकडे त्या ब्लॉकची जाहिरात एएस-पाथ लांबवून, म्हणजे आमच्यामार्गे येणारा रस्ता मुद्दाम लांब दाखवून, करत. जाणारी वाहतूक मात्र आमच्याकडून. आमच्या राउटरला त्यांच्या ब्लॉककडे जाणारा छोटा रस्ता वरच्या कंपनीतून दिसला आणि त्याने तोच निवडला. त्यामुळे कॉलेजच्या पोर्टातून आलेलं, पूर्णपणे खरं पॅकेट त्याच्या लेखी खोटं ठरलं.

या प्रकरणाने मला तीन रात्री जागवलं, कारण बाहेरून सगळं ठणठणीत दिसत होतं. लिंक चालू, बीजीपी चालू, आमच्याकडून त्यांच्या राउटरला पिंग चालू. लिंकवरचे पत्ते थेट जोडलेले, ते यूआरपीएफमध्ये पास होणारच. आतल्या संगणकांवर मात्र काही उघडेना. तपासासाठी त्यांनी दुसरी लिंक काढली की सगळं सुरळीत. कारण मग आमच्या टेबलातला दुसरा रस्ता गायब होऊन थेट पोर्टच उत्तम रस्ता ठरायचा. प्रत्येक चाचणीत आम्ही निर्दोष आणि दुसरी कंपनी दोषी. शेवटी `show ip interface` मधला `verification drops` हा आकडा भराभर वाढताना दिसला, तेव्हा उलगडा झाला. तो आकडाही किती पॅकेटं टाकली एवढंच सांगतो, कुणाची ते सांगत नाही.

कुणी म्हणेल, ग्राहकाकडून येणाऱ्या रस्त्याला लोकल प्रेफरन्स जास्त द्यायचा होता, म्हणजे लांबी न बघता राउटरने तोच निवडला असता. बरोबर आहे, आणि तो आता दिलाही आहे. पण एखाद्या ग्राहकाने आपल्या /23 मधला एक /24 फक्त दुसऱ्या कंपनीकडे जाहीर केला, तर अधिक नेमका रस्ता जिंकतो आणि लोकल प्रेफरन्सचा उपयोग होत नाही. दोन लिंकवाल्यांची ही अडचण २००४ च्या आरएफसी ३७०४ मध्येही मांडलेली आहे.

म्हणून लीज लाइनवाल्यांसाठी मी यादीवर आलो (पत्ते नमुन्याचे):

```
ip access-list extended GRAHAK-7-IN
 permit ip 192.0.2.8 0.0.0.3 any
 permit ip 198.51.100.0 0.0.0.255 any
 deny ip any any
interface GigabitEthernet0/1
 ip access-group GRAHAK-7-IN in
```

पहिली ओळ लिंकच्या /30 ची. ती विसरलात तर ग्राहकाचा बीजीपीच पडेल. शेवटच्या ओळीला `log-input` थोडा वेळ जोडलं तर कोणता सोर्स पत्ता अडला तेही दिसतं. कायम ठेवू नका, हल्ला चालू असताना राउटरच्या प्रोसेसरवर ताण येतो. एरवी `show access-lists` मधला आकडा पुरतो.

यादीला मेहनत आहे, ते नाकारत नाही. एकदा मी ग्राहकाला नवा ब्लॉक दिला आणि यादीत घालायला विसरलो. दहा मिनिटांत फोन आला, आकडा पाहिला, ओळ घातली, संपलं. माझ्या मते फरक इथेच आहे. यादी मोडते ती मी काहीतरी बदलतो तेव्हा, माझ्या डोळ्यांसमोर. स्ट्रिक्ट यूआरपीएफ मोडतं ते तिसऱ्याच कुणीतरी कुठेतरी रस्ता बदलल्यावर, रात्री-अपरात्री. तुमचे सगळे ग्राहक एकाच लिंकचे असतील तर स्ट्रिक्ट घ्या, माझी हरकत नाही. एकही दोन लिंकवाला असेल तर निदान त्याच्या पोर्टवर तरी यादी असावी, असं मला वाटतं.

दोन्हींपैकी काहीही लावलंत तरी /24 दिलेला ग्राहक त्याच /24 मधला दुसरा पत्ता वापरू शकेल, हे लक्षात असू द्या. आणि ‘आमच्याकडे नॅट आहे, खोटे पत्ते बाहेर जाणारच नाहीत’ यावर विसंबू नका. आमच्या एका जुन्या राउटरवर नॅटचा नियम फक्त 10.0.0.0/8 या सोर्ससाठी लिहिलेला होता. बाकी सोर्सची पॅकेटं नियमात न बसता जशीच्या तशी बाहेर जात होती. वरच्या कंपनीने पाहिलेली पॅकेटं तिथूनच निघाली होती. कैडा या इंटरनेटचा अभ्यास करणाऱ्या संशोधन गटाचा स्पूफर प्रोग्राम एकदा नॅटच्या आतून आणि एकदा लीज लाइनवरून चालवा. खोट्या पत्त्याचं पॅकेट बाहेर पडतंय का आणि किती लांबचा पत्ता चालतोय, ते तो सांगतो. यादी लावायच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही निकाल मी जपून ठेवलेत.