तीन शेडसाठी एक सूत-गोदाम: कंपास की कॅल्क्युलेटर?

भाचा विचारत होता, टॉवेलच्या तीन शेडला मिळून एकच सूत-गोदाम करायचंय, तिन्ही शेडपर्यंतच्या अंतरांची बेरीज सगळ्यात कमी येईल अशी जागा कागदावर आखून काढू का एक्सेलात? धरा की तिन्ही शेड मिळून काटकोन त्रिकोण होतो, काटकोनावरच्या शेडपासून एक ४ किमी, दुसरी ३ किमी.

कंपासचं काम पाच मिनिटांचं, कुठल्याही दोन बाजूंवर बाहेरच्या अंगाला समभुज त्रिकोण काढा, त्याचं टोक समोरच्या शेडला जोडा, दोन रेषा छेदतात तोच पॉइंट, तिथून प्रत्येक दोन शेडमधला कोन १२०° भरतो, म्हणजे चेकिंगपण फुकट. बेरीज ६.७७ किमी.

एक्सेलात वाइजफेल्डची पद्धत (१९३७ ची). मध्यगा-संपातापासून सुरू करा, तिथं बेरीज ६.९२, मग प्रत्येक शेडला १/अंतर एवढं वजन देऊन सरासरी काढली की नवा पॉइंट, एकाच फेरीत ६.८१, पुढं आकडा हलायचा थांबेपर्यंत तेच. पॉइंट नेमका शेडवरच पडला तर शून्यानं भागाकार होऊन शीट एरर देतं.

कंपासची खरी गोची वेगळी. शेडच्या त्रिकोणाचा एखादा कोन १२०° च्या वर गेला की रेषा त्रिकोणाबाहेर छेदतात, आणि तो पॉइंट चुकीचा असतो बरं का, अशा वेळी गोदाम त्या कोनावरच्या शेडलाच ठेवायचं. म्हणून आधी कोन मोजा.

तिन्हीकडं सारख्याच फेऱ्या असतील तर कंपास बास. एका शेडला दुप्पट सूत लागत असेल, नाहीतर उद्या चौथी शेड होणार असेल, तर सरळ एक्सेल, दुप्पट सूतवाल्या शेडचं वजन दोननं गुणलं की झालं. अर्थात दोन्हीत अंतर सरळ रेषेतलं धरलंय, रस्त्याचं नाही.